एकही पिसू दिसत नाही, मग खाज पिसवांची कशी?

"आमचा कुत्रा बंड्या 4 वर्षांचा, 14 किलोचा. गेल्या तीन पावसाळ्यांत दरवेळी त्याच्या पाठीच्या मागच्या भागावर आणि शेपटीच्या बुडाशी लाल, खाजरे फोड येतात. रात्रभर तो दातांनी तिथलं कातडं कुरतडत बसतो, केस विरळ झालेत. उन्हाळ्यात मात्र ठणठणीत असतो. डॉक्टर म्हणतात पिसवांची अ‍ॅलर्जी आहे, पण आम्ही केस बाजूला सारून सारून पाहिलं, एक पिसू सापडली नाही. दर चौथ्या दिवशी शाम्पूने अंघोळ घालतो, महिन्यातून एकदा मानेवर टाकायचं औषधही टाकतो. इंजेक्शन दिलं की दहा-बारा दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. घरात एक मांजर आहे. ती कधी खाजवत नाही, म्हणून तिला काही देत नाही. मध्यंतरी दोन आठवडे घर बंद होतं. परतलो त्या संध्याकाळी आमच्याच घोट्यांना डास फार चावले. घरातल्यांचं म्हणणं असं की हे पावसाच्या पाण्यामुळे आणि खाण्यातल्या मांसामुळे होतंय. मांस बंद करा आणि त्याला बाहेर बांधा. मी कोणाचं ऐकू?"

डॉक्टरांचं ऐका, आणि बंड्याला बाहेर बांधू नका. तुम्ही बारीकसारीक गोष्टी लिहिल्यात हे फार बरं झालं, कारण निदानाचे बहुतेक धागे तुमच्या पत्रातच आहेत. फक्त त्यांतले काही तुम्ही वेगळ्याच खुंटीला बांधलेत.

आधी न दिसणाऱ्या पिसवांचं बघू. खाज सुटायची तर अंगावर पुष्कळ पिसवा असायला हव्यात, असं आपण धरून चालतो. साध्या चाव्यापुरतं ते बरोबर आहे. अ‍ॅलर्जीत मात्र हिशेब बदलतो. पिसू रक्त पिताना त्वचेत लाळ सोडते आणि बंड्याचं शरीर त्या लाळेतल्या प्रथिनांवर तुटून पडतं. ज्या कुत्र्याला अ‍ॅलर्जी नाही तो अंगावर डझनभर पिसवा घेऊन अधूनमधून पाय झाडत हिंडेल. अ‍ॅलर्जी असलेल्याला थोडे चावेही पुरतात. शिवाय त्वचेची ही प्रतिक्रिया दोन टप्प्यांत येते, काही मिनिटांत एकदा आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा. म्हणून पिसू मरून गेली तरी खाज कितीतरी दिवस रेंगाळते.

त्यात भर म्हणजे ज्याला जास्त खाज, तो जास्त चाटतो आणि चावतो. पिसवा त्याच्या दातांत सापडतात, गिळल्या जातात. त्यामुळे ज्यांच्या अंगावर पिसू शोधूनही मिळत नाही, असे कुत्रे बऱ्याचदा तेच असतात ज्यांना तिचा सर्वाधिक त्रास होतो. हे उलटं वाटतं खरं, पण अनेक घरांमध्ये निदान इथेच अडतं. लोक डॉक्टरांच्या टेबलावर केस उलगडून दाखवतात, "बघा, स्वच्छ आहे," म्हणतात आणि नवा आजार शोधायला लागतात.

तेव्हा पिसू शोधणं सोडा, तिची विष्ठा शोधा. पिसवांसाठी मिळणारी बारीक दातांची फणी आणा. बंड्याला पांढऱ्या कागदावर किंवा जुन्या पांढऱ्या चादरीवर उभं करा आणि कंबरेपासून शेपटीच्या बुडापर्यंत, मग मांड्यांच्या मागून, मग जांघेत फणी फिरवा. दात कातडीला टेकले पाहिजेत, नुसते वरचे केस विंचरून उपयोग नाही. फणीत आणि कागदावर मिरीच्या भरडीसारखे काळे कण पडले तर ते ओल्या पांढऱ्या टिपकागदावर ठेवा आणि मिनिटभर थांबा. माती असेल तर ती मातीच राहील. कणाभोवती तांबूस-तपकिरी वर्तुळ पसरलं तर ते पचलेलं रक्त आहे, म्हणजे पिसू इथे जेवून गेली. शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी ठेवा. जिवंत पिसू सापडलीच तर फणी त्यात बुडवा, कारण चिमटीत धरायला गेलात तर ती निसटते. काही मिळालं नाही तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा. रिकाम्या फणीने अ‍ॅलर्जी नाकारता येत नाही.

आणि हीच फणी त्याच दिवशी मांजरीच्या अंगावरून फिरवा. माझा अंदाज आहे की पुरावा तिथे मिळेल. कुत्र्यांवर सर्वाधिक आढळणारी पिसू मुळात मांजरीच्याच नावाने ओळखली जाते, टेनोसेफॅलिडीस फेलिस. ती दोघांवर सारख्याच आनंदाने राहते. तुमची मांजर खाजवत नाही, याचा अर्थ तिला लाळेची अ‍ॅलर्जी नाही, इतकाच. तिच्या अंगावर पिसवा निवांत रक्त पितात, अंडी घालतात, ती अंडी ती झोपते तिथे गळून पडतात आणि त्यातून निघालेल्या पिसवा बंड्याला चावतात. तुम्ही तीन वर्षं ज्याला खाज आहे त्याच्यावर उपचार केलेत. जिच्यावर पिसवा वाढत असाव्यात, ती उपचारांतून सुटली.

फोडांची जागाही हेच सांगते. पाठीचा मागचा एक-तृतीयांश भाग, शेपटीचं बूड, मांड्यांचा मागचा भाग, जांघ, बेंबीच्या आसपासचं पोट ही पिसवांच्या अ‍ॅलर्जीची ठरलेली जागा. तुम्हाला ताडून बघता यावं म्हणून बाकीचे आजार थोडक्यात सांगते. खाज मुख्यतः पंजे, तोंड, कान आणि काखांत असेल तर धुळीतले किडे, परागकण, बुरशी यांची अ‍ॅलर्जी मनात येते. कानांच्या कडा, कोपरं आणि मागच्या पायांचे घोटे खपलीने भरले असतील आणि घरातल्या माणसांनाही खाज सुटली असेल तर खरूज तपासावी लागते. केस गेलेले गोल चट्टे असून खाज मात्र फारशी नसेल तर गजकर्ण असू शकतं. एकाच कुत्र्याला दोन गोष्टी असू शकतात आणि पावसाळ्यात तसं होतंही. पण तुम्ही वर्णन केलेलं चित्र मला तरी एकाच दिशेला नेतं.

आता मांसाचं. खाण्याची अ‍ॅलर्जी असते, नाही असं नाही. पण बंड्या वर्षभर तेच खातो आणि उन्हाळ्यात त्याची कातडी स्वच्छ असते. अन्नाची अ‍ॅलर्जी ऋतू बघून येत नाही; जे खाल्लं की त्रास होतो ते पानात असेपर्यंत बारा महिने त्रास होतो. घरातल्यांना दुखवू नका, पण हा एक प्रश्न त्यांच्यापुढे जरूर ठेवा: तेच अन्न चार महिनेच का बाधावं? शिवाय ऐन खाजेच्या दिवसांत खाणं बदललं की पुढे जे काही होतं त्याचं श्रेय किंवा दोष त्या बदलाला जातो, आणि गोंधळ वाढतो.

पावसाच्या बाबतीत मात्र घरचे अर्धे बरोबर आहेत. ओली राहिलेली लव कातडी नरम करते, तिथे जिवाणू आणि यीस्ट वाढतात, एखाद्या रात्रीत चिकट, पाझरणारा चट्टा उठू शकतो. म्हणून भिजून आला की त्याला कातडीपर्यंत कोरडं करायचंच. पण पावसाचं मोठं काम कुत्र्याच्या अंगावर होत नाही, ते तुमच्या घरातल्या सांदीकोपऱ्यांत होतं.

पिसूचं आयुष्य असं चालतं. मादी पहिल्यांदा रक्त प्यायल्यावर साधारण एक ते दोन दिवसांत अंडी घालू लागते आणि भरात असताना दिवसाला 40 ते 50 अंडी घालते. अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत, घरंगळून खाली पडतात. त्यातून निघालेल्या अळ्या उजेड टाळतात. सतरंजीच्या खाली, सोफ्याच्या फटीत, बिछान्याच्या शिवणीत शिरतात आणि तिथे पडलेली मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे ते वाळलेलं रक्तच, खाऊन वाढतात. या अळ्यांना हवेत ओल लागते. आर्द्रता 50 टक्क्यांखाली गेली की त्या वाळून मरतात. कोरड्या उन्हाळ्यात हे आपोआप होत असतं आणि आपल्याला वाटतं कुत्रा बरा झाला. पाऊस सुरू झाला की ऊबही असते आणि ओलही, आणि अंड्यापासून पिसवेपर्यंतचा सगळा प्रवास तीन-चार आठवड्यांत उरकतो. म्हणूनच फोड पहिल्या सरीला येत नाहीत, पाऊस लागून काही आठवडे झाले की येतात. तुमच्याकडेही तसंच होतं का, ते जरा आठवून बघा.

अळी पुढे स्वतःभोवती कोष विणते. हा कोष चिकट असतो, त्याला धूळ आणि धागे चिकटून तो दिसेनासा होतो आणि फवारणीचं औषध त्याच्या आत नीट पोहोचत नाही. आतली पिसू तयार होऊनही बाहेर न पडता आठवडेच्या आठवडे, परिस्थिती जमली तर काही महिनेसुद्धा, वाट बघू शकते. तिला बाहेर काढणाऱ्या गोष्टी म्हणजे ऊब, पावलांची थरथर आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड. आता तुमची ती संध्याकाळ घ्या. दोन आठवडे घर बंद, कोणी चाललं नाही, कोणी श्वास घेतला नाही. तुम्ही दार उघडून आत वावरलात आणि थांबलेल्या पिसवा एकदम बाहेर पडल्या. डास मिळेल तिथे चावतात. चावे घोट्यांभोवतीच आणि त्यांची रांग किंवा पुंजका असेल तर बहुधा त्या पिसवा होत्या. तुमच्या पत्रातल्या या एका वाक्याने माझी उरलीसुरली शंका गेली.

घरातल्या एकूण पिसवांपैकी मोठ्या रूपात, म्हणजे प्राण्याच्या अंगावर, साधारण 5 टक्केच असतात असं मानलं जातं. बाकी अंडी, अळ्या, कोष तुमच्या घरात आहेत. त्यामुळे बंड्याला बाहेर बांधून घर पिसवामुक्त होणार नाही. उलट तो ओलसर सावलीत, दुसऱ्या भटक्या जनावरांच्या वाटेवर बसेल.

मग महिन्याचं औषध टाकूनही उपयोग का झाला नाही? मांजर सुटली हे एक. दुसरं कारण तुमची अंघोळ. मानेवर टाकायची बरीचशी औषधं, उदाहरणार्थ फिप्रोनिल, कातडीवरच्या तेलकट थरातून अंगभर पसरतात. औषधाच्या आधी आणि नंतर निदान दोन-दोन दिवस अंघोळ नको असं त्यासाठीच सांगतात, आणि दर चौथ्या दिवशी शाम्पू म्हणजे तो थर सतत धुऊन काढणं. तुमचा हेतू चांगला होता, पण खाज जावी म्हणून घातलेली अंघोळच औषध घालवत होती. ओल्या अंगावर किंवा केसांवर औषध टाकलं तरी तेच होतं. केस दुभंगून ते थेट कातडीवर पडायला हवं.

बंड्यासारख्या कुत्र्याला मी पोटातून द्यायच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलायला सांगेन. अफॉक्सोलानर, सारोलानर, लोटिलानर या गटातल्या गोळ्या महिन्यातून एकदा देतात. याच गटातल्या फ्लुरालानरचा असर साधारण 12 आठवडे टिकतो. अंघोळीचा त्यांच्यावर परिणाम होत नाही, पावसाळ्यात ही मोठी सोय आहे. पिसू चावल्यावरच औषध तिच्या पोटात जातं हे खरं, पण ती काही तासांत, अंडी घालण्याआधीच मरते आणि साखळी तिथे तुटते. बंड्याला कधी झटके आले असतील, फिट आली असेल, तर हे डॉक्टरांना आधी सांगा. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांत झटके येऊ शकतात, आणि मग ते दुसरा पर्याय देतील. गोळी नेहमी आजच्या वजनावर घ्यायची, गेल्या वर्षीच्या नाही.

मांजरीला तिचं, मांजरांसाठीच बनवलेलं औषध. हे मी जितक्या जोराने सांगता येईल तितक्या जोराने सांगते. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. मांजरीचं यकृत ते नीट निकामी करू शकत नाही, आणि कुत्र्याच्या नळीतलं थोडंसं औषध "वजनाच्या हिशेबाने" टाकल्यामुळे मांजर थरथरत, झटके येत मरू शकते. कुत्र्याच्या ओल्या मानेला अंग घासूनही तिला बाधा होऊ शकते. तुमच्या घरात दोघं एकत्र राहतात, तेव्हा बंड्यासाठीही परमेथ्रिनवालं औषध मागूच नका, आणि खोक्यावरचे घटक वाचल्याशिवाय काही टाकू नका.

घराचं काम कंटाळवाणं आहे पण अवघड नाही. जिथे दोघं झोपतात ती जागा आधी. अंथरुणं आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवा; ऊन नसेल तर कोरड्या कपड्यावरून गरम इस्त्री फिरवा. धुवायला नेताना झटकू नका, अंडी घरभर पडतील, गुंडाळून न्या. पहिला महिना रोज, नंतर एक दिवसाआड व्हॅक्यूम क्लीनर फिरवा. सोफ्याच्या गाद्या उचलून खाली, भिंतीच्या कडेने, पलंगाखाली. त्याने अंडी आणि अळ्यांचं खाणं निघतं, आणि थरथरीने कोषातल्या पिसवाही बाहेर येतात, म्हणजे औषध लावलेल्या प्राण्यांवर उडी मारून मरतात. पिशवीतली धूळ लगेच बांधून घराबाहेर टाका. व्हॅक्यूम क्लीनर नसेल तर ओल्या फडक्याने रोज पुसा आणि सतरंज्या, पायपुसणी तात्पुरती गुंडाळून कमी करा.

फवारणी करायची असेल तर नुसतं मारणारं औषध घेऊ नका. पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीनसारखा, अंडी आणि अळ्यांची वाढ रोखणारा घटक त्यात हवा. फवारताना दोन्ही प्राणी बाहेर, माशांची टाकी असेल तर झाकलेली आणि तिचा हवेचा पंप बंद, आणि जमीन पूर्ण वाळल्यावरच सगळे आत. अंगणभर फवारणं वाया जातं, कारण उघड्या उन्हात अळ्या जगत नाहीत. जिन्याखालची, ओट्याखालची ओलसर सावलीची माती, जिथे प्राणी पहुडतात, तेवढीच महत्त्वाची.

आता पुढचे तीन महिने कसे जातील ते सांगून ठेवते, कारण बहुतेक घरं इथेच हार मानतात. समजा एका रविवारी बंड्याला गोळी दिली, मांजरीला तिचं औषध टाकलं, अंथरुणं धुतली. पहिल्या आठवड्यात बरं वाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फणीत पुन्हा एखादी पिसू सापडेल, कदाचित आधीपेक्षा जास्त. तुम्हाला वाटेल औषध नकली होतं. तसं नसतं. औषध देण्याआधी घरात पडलेल्या अंड्यांचे आता कोष फुटताहेत आणि त्या पिसवा बाहेर येताहेत. त्या औषध घेतलेल्या अंगावर येतील, मरतील, पण नवी अंडी घालणार नाहीत. हा साठा संपायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा, त्याच दिवशी, दोघांना फणी करा आणि काय मिळालं ते वहीत लिहा. चढउतार होईल, आठव्या आठवड्यापर्यंत आकडा स्पष्ट खाली यायला हवा. येत नसेल तर औषधाला नावं ठेवण्याआधी तीन गोष्टी बघा: कोणी प्राणी उपचारांतून सुटलाय का, गोळी ओकून पडली होती का किंवा मात्रेची तारीख टळली का, आणि बंड्या रोज कोणाच्या अंगणात लोळतो.

या दिवसांत त्याची खाज मात्र सहन करायला लावू नका. चावून चावून त्याने कातडं फाडलं तर आजार वेगळाच होतो. तुम्ही सांगता ते दहा-बारा दिवसांचं इंजेक्शन बहुधा बरेच दिवस असर टिकणारं स्टेरॉइड असावं. स्टेरॉइड वाईट औषध नाही. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या थोडे दिवस, हळूहळू मात्रा उतरवत दिल्या तर अशा वेळी फार उपयोगी पडतात, आणि काही वाईट परिणाम दिसला तर थांबवताही येतात. इंजेक्शन एकदा टोचलं की परत घेता येत नाही. ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या हा दुसरा पर्याय. त्या वर्षाखालच्या पिल्लांना देत नाहीत, बंड्याला चालतील का ते डॉक्टर बघतील. माझा आक्षेप इतकाच, की इंजेक्शनने खाज थांबते पण चावे थांबत नाहीत, आणि दर पावसाळ्यात ते पुन्हा पुन्हा देणं म्हणजे तहान, भूक, लघवी वाढणं, वजन वाढणं आणि त्वचेचे संसर्ग बळावणं. खाजेचं औषध पिसवांच्या औषधाबरोबर द्यायचं असतं, त्याच्या ऐवजी नाही.

फोडांकडेही नीट बघा. नुसते लाल, टणक पुरळ चाव्याचे असतात. टोकाला पू दिसू लागला, किंवा फोड फुटून कडेने सोलणारी गोल कडी तयार झाली, तर जिवाणूंचा संसर्ग वर चढलाय. डॉक्टर काचपट्टीवर नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. दोन मिनिटांचं काम आहे, त्याचा आग्रह धरा. वरवरच्या संसर्गाला बऱ्याचदा 2 ते 4 टक्के क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू आठवड्यातून दोनदा पुरतो. फेस अंगावर 10 मिनिटं राहिला पाहिजे, घड्याळ लावून. लगेच धुतलात तर साध्या साबणासारखाच. तोंडी अँटिबायोटिक त्यानंतरची गोष्ट. शाम्पू सुरू असताना पिसवांसाठी गोळी असण्याचा फायदा तुमच्या आता लक्षात येईल. पाझरणारा, वास येणारा, हात लावू न देणारा चट्टा दिसला, किंवा तो मलूल होऊन जेवेनासा झाला, तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरगुती उपायांपैकी लसूण खाऊ घालू नका, त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. टी ट्री तेल, रॉकेल, फिनेल अंगाला लावू नका. तो ते चाटतो. माणसांची खाजेची मलमं लावू नका, त्यांत बहुधा तीव्र स्टेरॉइड असतं आणि तेही पोटात जातं. गुरांवर फवारायचं औषध अंदाजाने पातळ करून कुत्र्याला लावलं जातं, ते तर मुळीच नको.

लाळेच्या अ‍ॅलर्जीची रक्ततपासणी मिळते, पण ती नकारात्मक आली म्हणून अ‍ॅलर्जी नाही असं म्हणता येत नाही. खरी तपासणी म्हणजे हेच तीन महिने. सगळं काटेकोर करून, फणी सलग रिकामी येऊनही खाज तशीच राहिली, तर डॉक्टर धुळीच्या आणि खाण्याच्या अ‍ॅलर्जीकडे वळतील. तेव्हा घरच्यांचा मुद्दाही नीट तपासता येईल: किमान 8 आठवडे त्याने आधी कधीच न खाल्लेलं किंवा डॉक्टरांनी सुचवलेलं विशेष अन्न, आणि त्याखेरीज एक बिस्किटसुद्धा नाही. मध्येच मांस बंद करून पोळी वाढवणं ही तपासणी नाही.

दोन कामं उरतात. पिसू गिळली की तिच्यातून डिपिलिडियम हा पट्टकृमी कुत्र्याच्या आणि मांजरीच्या आतड्यात जातो. गुदाभोवती किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे, कधी हलणारे तुकडे दिसले तर तेच. दोघांना प्राझिक्वांटेल असलेलं जंतांचं औषध डॉक्टरांकडून वजनावर घ्या, पण पिसवा आटोक्यात आल्या नाहीत तर कृमी परत येतील. आणि पुढच्या वर्षी फोडांची वाट बघू नका. पाऊस सुरू व्हायच्या निदान महिनाभर आधी दोघांचं औषध सुरू करा, पाऊस संपल्यावरही हवा कोरडी होईपर्यंत चालू ठेवा. वर्षभर चालू ठेवता आलं तर बंड्यासारख्या कुत्र्याला तेच सगळ्यात सोपं जातं, कारण त्याला थोडे चावेही पुरतात.